मोबाइलवरचं झटपट कर्ज: ‘Allow’ दाबण्याआधी काय काय बघायचं

कोकण किनाऱ्यावर जुलैचा शेवट हा पैशांच्या ओढाताणीचा काळ असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणजे दोन महिने हातात काही नाही. आणि नेमक्या याच वेळी इंजिनाचं काम, फाटलेली जाळी, डिझेल, खलाशांची उचल असा सगळा खर्च पुढ्यात येऊन पडतो. नारळी पौर्णिमा झाली की दर्यात उतरायचं, म्हणून घाई असते. पाठोपाठ गणपती. फोनवर ‘पाच मिनिटांत 10,000, कागदपत्रं नकोत’ अशी जाहिरात दिसली की बोट आपोआप तिकडे जातं.

हा लेख पहिल्यांदाच ॲपवरून कर्ज घ्यायला निघालेल्यांसाठी आहे. सगळी कर्ज देणारी ॲप फसवी नसतात. बँका आणि नोंदणीकृत वित्त कंपन्याही ॲपवरूनच कर्ज देतात. दोन्हींचा पहिला पडदा सारखाच दिसतो, ही खरी अडचण आहे. फरक ओळखायला तीन गोष्टी बघाव्या लागतात: पैसे देतंय कोण, हातात किती येणार आणि कधी किती परत जाणार, आणि फोनमधलं काय मागतायत.

समजा, मालवणजवळच्या एका वाडीतला सतीश. त्याची छोटी होडी आहे, त्यावर आउटबोर्ड इंजिन. इंजिन दुरुस्तीला त्याला साधारण 9,000 रुपये हवे आहेत. त्याला एका ॲपची जाहिरात दिसली. त्याच्याबरोबरच आपण एकेक पायरी जाऊ.

पहिली पायरी: ॲप आलं कुठून?

लिंक व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसमधून आली असेल आणि ती दाबल्यावर थेट फाइल डाउनलोड होऊ लागली, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. तिथेच थांबा. शेवटी `.apk` असलेली अशी फाइल म्हणजे प्ले स्टोअरची चाळणी टाळून फोनमध्ये घुसायचा रस्ता. त्यासाठी फोन ‘अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करू द्यायचं का’ असं विचारतो. कर्ज घेण्यासाठी त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची वेळ कधीच येऊ नये.

पण प्ले स्टोअरवर आहे म्हणजे चांगलंच, असंही नाही. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने देशात उपलब्ध असलेल्या कर्जाच्या ॲपचा आढावा घेतला, तेव्हा वेगवेगळ्या ॲप स्टोअरवर मिळून सुमारे 1,100 ॲप सापडली आणि त्यातली 600 बेकायदा निघाली. नंतर नियम कडक झाले. 60 दिवसांच्या आत सगळं कर्ज परत मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपला गूगल प्ले स्टोअरवर जागा देत नाही. म्हणून फसवं ॲप माहितीच्या पानावर ‘मुदत 91 ते 180 दिवस’ असं लिहितं, आणि आत शिरल्यावर सात दिवसांत पैसे मागतं. बाहेरची मुदत आणि आतली मुदत यांत असा फरक दिसला, तर दुसरा पुरावा शोधत बसू नका.

तारांकित रेटिंगवर फार विसंबू नका, ती विकत मिळतात. त्यापेक्षा एक तारा दिलेले अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावून वाचा. ‘सात दिवस’, ‘फोटो’, ‘नातेवाइकांना फोन’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात का, एवढंच बघा.

दुसरी पायरी: पैसे देणारा कोण?

ॲप स्वतः कर्ज देत नाही. ॲप म्हणजे मधला माणूस. पैसे देणारी एकतर बँक असते नाहीतर रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली बिगरबँकिंग वित्त कंपनी, जिला आपण एनबीएफसी म्हणतो. भारतात ॲप चालवायचं तर या कंपनीचं नाव प्ले स्टोअरच्या वर्णनात ठळक लिहावं लागतं. सतीशने वर्णन शेवटपर्यंत वाचलं. तिथे ‘आमचे नामांकित भागीदार’ एवढंच होतं. नाव नाही, पत्ता नाही, तक्रारीसाठी फुकटात मिळणारा साधा ईमेल. इथेच खरं तर गोष्ट संपायला हवी होती.

नाव असेल तर तपासायचं कसं? रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर, `rbi.org.in` वर, एनबीएफसींची यादी असते. शिवाय 1 जुलै 2025 पासून तिथे डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपचीही यादी आहे. कोणतं ॲप कोणत्या बँकेचं किंवा कंपनीचं, हे तिथे कळतं. यादीत नाव नसेल तर ॲप सोडून द्या. असेल तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ही माहिती कंपन्यांनी स्वतः भरलेली असते. ‘आरबीआय मान्यताप्राप्त ॲप’ अशी कुठलीही गोष्ट अस्तित्वात नाही. रिझर्व्ह बँक कंपनीची नोंदणी करते, ॲपला शिक्का मारून देत नाही. ज्या जाहिरातीत हा शिक्का दिसतो, ती त्याच कारणाने संशयास्पद.

फसवणूक करणारे खऱ्या कंपनीचं नाव आणि चिन्ह उचलतात, म्हणून यादीवर थांबू नका. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा, ॲपमधल्या लिंकवरून नको. आपण कोणकोणत्या ॲपमार्फत कर्ज देतो हे प्रत्येक कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करायचं असतं. तिथे ॲपचं नाव आहे का बघा आणि प्ले स्टोअरवर तिथूनच जा. शंका राहिलीच, तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून सरळ विचारा, ‘हे ॲप तुमचंच का?’ दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी पायरी: फोन काय काय मागतोय?

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण कोकणात या सापळ्याचा दात इथेच आहे.

फसव्या ॲपला तुमच्या कर्जातून मिळणाऱ्या व्याजापेक्षा तुमच्या फोनमधल्या नावांची किंमत जास्त असते. आपल्याकडे एका वाडीतल्या माणसाच्या फोनमध्ये कोण कोण असतं? मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, भजनी मंडळ, पोरांच्या शाळेतले गुरुजी, बायकोच्या माहेरची मंडळी, मुंबईचे चाकरमानी, मासे घेणारा व्यापारी. हप्ता एक दिवस चुकला की या सगळ्यांना फोन आणि मेसेज जातात. तुमचा फोटो अश्लील चित्राला जोडून पाठवला जातो. गावात तोंड दाखवायला जागा राहू नये, हाच त्यांचा वसुलीचा मार्ग. कोर्टात जायची त्यांची तयारी नसते, कारण कर्ज द्यायचा अधिकारच त्यांच्याकडे नसतो.

म्हणून नियम साफ आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल आणि फोटो, संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फोन करण्याच्या सुविधा यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांची परवानगी केवायसीपुरती, एकदाच आणि तुमच्या स्पष्ट संमतीने मागता येते. म्हणजे सेल्फीसाठी कॅमेरा मागितला तर ते ठीक आहे. तिथे ‘फक्त यावेळी’ हा पर्याय निवडा. संपर्कयादी मागितली, तर का मागतायत हे वाचण्यातही वेळ घालवू नका.

एक बारीक फरक मात्र समजून घ्या. काही खऱ्या कंपन्या ओळखीच्या दोघांची नावं आणि नंबर तुम्हाला हाताने लिहायला सांगतात. ती गोष्ट वेगळी. त्या दोघांना आधी विचारून नाव देता येतं. पूर्ण यादी उचलून नेणं आणि दोन नावं लिहून घेणं यांची गल्लत करू नका.

एसएमएस वाचायची परवानगीही बरीच ॲप मागतात. बँकेचे मेसेज वाचून कमाईचा अंदाज घेतो, असं कारण सांगतात. माझं मत विचाराल तर देऊ नये. त्याच जागी तुमचे ओटीपी येतात. कमाई दाखवायला बँकेचं स्टेटमेंट देता येतं. आणि सेटिंगमधल्या ‘Accessibility’ची परवानगी मागणारं कर्जाचं ॲप तर लगेच काढून टाका, कारण तिच्यामुळे पडद्यावरचं सगळं त्याला वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात.

सतीशच्या ॲपने काय केलं? उघडल्या उघडल्या, नाव विचारायच्याही आधी, संपर्क, फोटो, एसएमएस आणि कॉल या चारही गोष्टी एकामागून एक मागितल्या. ‘नको’ म्हटलं की ॲप बंद. खरं ॲप संपर्क न देताही पुढे चालतं. ही सगळ्यात सोपी कसोटी, आणि ती आधार-पॅन देण्याच्या आधी करता येते. परवानगी चुकून दिली गेलीच, तर सेटिंगमध्ये जाऊन ॲपच्या ‘Permissions’ मधून ती काढता येते. पण मधल्या मिनिटात उचलून नेलेली यादी परत येत नाही. म्हणून तपासणीचा हा क्रम उलटा करू नका.

चौथी पायरी: हातात किती, परत किती

सतीशच्या घरी मासे विकायला जाणारी काकी आहे. शाळा चौथीपर्यंत, पण हिशेबात तिचा हात कुणी धरत नाही. तिने एकच विचारलं: “बाबू, दहा हजार दाखवतत ता खरां, पण हातात किती येतले ता विचार.”

ॲपवर मोठ्या अक्षरात ‘व्याज फक्त 0.1 टक्के रोज’ असं होतं. 10,000 वर रोजचे 10 रुपये. सात दिवसांचे 70. ऐकायला काहीच नाही. पण खालच्या बारीक अक्षरांत प्रोसेसिंग फी 2,500, तिच्यावर 18 टक्के जीएसटी 450, आणि ‘जोखीम मूल्यांकन’ नावाचे 650 होते. हे 3,600 रुपये आधीच कापून घेणार. हातात येणार 6,400, आणि सातव्या दिवशी द्यायचे 10,070.

आता काकीच्या पद्धतीने बघा. 6,400 वापरायला मिळाले, त्यासाठी 3,670 जादा द्यायचे. म्हणजे एका आठवड्यात 57 टक्क्यांहून जास्त. वर्षाच्या हिशेबाने हा दर साधारण 2,990 टक्के होतो. शिवाय इंजिनाला हवे होते 9,000, मिळाले 6,400. मग उरलेल्यासाठी दुसरं ॲप, पहिलं फेडायला तिसरं. माणूस बुडतो तो असा.

सातव्या दिवशी पैसे नसतील तर ॲप मोठ्या मनाने ‘मुदत वाढवा, फक्त 2,000 रुपये’ असं बटण दाखवतं. त्या 2,000 मधला एक रुपयाही मुद्दलात जमा होत नाही. तीन वेळा दाबलं की 6,000 गेले, आणि 10,070 जसेच्या तसे उभे.

तुलनेसाठी एक रीतसर कर्ज घेऊ. 10,000 रुपये, वर्षाला 24 टक्के, तीन महिन्यांचे हप्ते, प्रोसेसिंग फी 200 आणि तिच्यावर जीएसटी 36. हातात 9,764. दरमहा हप्ता साधारण 3,468, म्हणजे तीन महिन्यांत एकूण 10,400 च्या आसपास. खरा खर्च 640 रुपये. गंमत म्हणजे यातही फी धरली तर वर्षाचा खरा दर 24 नाही, 39 टक्क्यांच्या जवळ जातो. कर्ज छोटं आणि मुदत कमी असली की फीचा भार असा फुगतो. एनबीएफसीच्या व्याजाला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे कायदेशीर कर्जही महाग असू शकतं. कायदेशीर आणि परवडणारं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हे गणित तुम्हाला स्वतः करावं लागू नये म्हणून एक कागद असतो. त्याचं नाव ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, बोलताना केएफएस. करार करण्याआधी तो द्यावाच लागतो, आणि तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागा, तो हक्क आहे. त्यात एपीआर म्हणजे सगळी फी धरून वर्षाचा दर, प्रत्येक शुल्क, हप्त्यांचं वेळापत्रक आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर असतो. या कागदात नसलेलं शुल्क नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मला विचाराल तर केएफएसमध्ये आधी एपीआर शोधा, मग ‘हातात येणारी रक्कम’, आणि बाकी सगळं नंतर.

आणखी एक. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी केएफएसमधली ऑफर निदान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवावी लागते. त्यामुळे ‘ऑफर 9 मिनिटांत संपेल’ असं घड्याळ पडद्यावर पळत असेल, तर ते घड्याळच सगळं सांगतं. ऑफर घेऊन घरी बसा, चार जणांना विचारा, सोसायटीत चौकशी करा. गावातल्या पतसंस्थेकडे किंवा जिल्हा बँकेत सोनेतारण काय दराने मिळतं, हेही त्याच तीन दिवसांत विचारून घ्या. मच्छीमारांना खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्डही मिळतं. ते दोन दिवसांत हातात येत नाही, पण मे महिन्यात अर्ज केला तर जुलैची ओढाताण टळू शकते.

पाचवी पायरी: पैसे कुठून आले, कुठे चालले

कर्जाची रक्कम थेट बँकेच्या किंवा कंपनीच्या खात्यातून तुमच्या खात्यात यायला हवी. हप्ताही थेट त्याच कंपनीच्या खात्यात जायला हवा. मधे ॲपवाल्याचं खातं नको. पासबुकात पाठवणाऱ्याचं नाव भलत्याच दुकानाचं किंवा व्यक्तीचं दिसलं, किंवा हप्ता भरायला दरवेळी नवा यूपीआय आयडी येऊ लागला, तर सावध व्हा. कर्ज मिळण्याआधी ‘जीएसटी भरा’, ‘विम्याचे भरा’, ‘खातं चुकीचं होतं, दुरुस्तीचे भरा’ म्हणून पैसे मागणारे तर कर्ज देतच नाहीत. फी असलीच तर ती कर्जातून कापली जाते आणि केएफएसमध्ये दिसते.

कर्ज घेऊन पस्तावलात, तरी मार्ग आहे. प्रत्येक डिजिटल कर्जाला किमान एक दिवसाचा ‘कूलिंग-ऑफ’ काळ असतो. नेमका किती, ते केएफएसमध्ये लिहिलेलं असतं. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी मात्र कंपनी ठेवून घेऊ शकते.

अडकलातच तर

सगळ्यात आधी स्क्रीनशॉट. ॲपचं पान, हिशेब, धमकीचे मेसेज, आलेले नंबर, पैसे गेलेले यूपीआय आयडी. ॲप काढून टाकण्याच्या आधी हे करा, नाहीतर पुरावा त्याच्याबरोबर जातो. मग परवानग्या काढा, ॲप काढा, आणि घरच्यांना व वाडीतल्या ग्रुपवर स्वतःच दोन ओळी टाका: ‘माझ्या नावाने घाणेरडे मेसेज येतील, फसव्या ॲपचं काम आहे, पोलिसांत तक्रार केली आहे, उत्तर देऊ नका.’ हा मेसेज टाकणं जिवावर येतं, पण तो गेला की त्यांच्या हातातलं हत्यार बोथट होतं. मुदतवाढीचे पैसे भरू नका. भरणारा माणूस सापडला की फोन वाढतात.

पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 वर लगेच फोन करा, आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. धमकी आणि बदनामीसाठी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बेनामी, नोंदणी नसलेल्या कर्जदात्याची माहिती `sachet.rbi.org.in` वर देता येते. कंपनी नोंदणीकृत असेल, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर करायला नोंदणीकृत कंपन्यांनाही मनाई आहे, तेव्हा कॉलची वेळ तक्रारीत जरूर लिहा.

‘तुझं सिबिल खराब करू’ ही धमकी नोंदणी नसलेल्या ॲपकडून आली तर घाबरू नका. पतअहवाल देणाऱ्या कंपन्यांकडे माहिती पाठवायचा अधिकार बँका आणि वित्त कंपन्यांसारख्या रीतसर कर्ज देणाऱ्या संस्थांनाच असतो. तुमचं आधार-पॅन मात्र त्यांच्याकडे गेलेलं असतं, आणि त्यावर दुसरीकडे कुणी कर्ज काढलं का, हे बघायला हवं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. एकाच वेळी चारही मागवू नका. दर तीन महिन्यांनी एकाचा मागवला तर वर्षभर नजर राहते, आणि न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्याच कंपनीकडे ‘डिस्प्यूट’ नोंदवता येतो.